स्वस्तातला स्मार्ट टीव्ही कुठे अन् काऊन अटकतो: प्रोसेसर, रॅम, स्टोरेज नवीन लोकांसाठी

टीव्ही घ्यायचा ठरला का आपल्या नागपुरात पहिला प्रश्न इंचाचा असतो, मग ४के आहे का, मग आवाज किती वॅटचा, मग एक्सचेंजमध्ये जुन्याचे किती देता. रॅम किती आहे हे फार कमी लोक विचारतात, अन् विचारलं तरी सेल्समन "सर स्मार्ट आहे, सगळं चालते" म्हणून मोकळा होतो. घरी आणल्यावर पहिले काही महिने मस्त जातात अन् मग रिमोटचं बटण दाबलं का दोन सेकंदांनी काहीतरी हलते, यूट्यूब उघडायला चहा होऊन जाते, सर्चमध्ये एक अक्षर टाकलं का तीन अक्षरं एकदम येतात. पंचवीस-तीस हजाराच्या आतला टीव्ही घेऊन राहिले असाल किंवा घरी असाच अटकणारा टीव्ही असेल तर हे वाचा, मी शक्य तितकं सोपं करून लिहितो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. "टीव्ही स्लो आहे" ही एक तक्रार नाही, त्याच्यात तीन-चार वेगवेगळ्या तक्रारी असतात अन् प्रत्येकीचं कारण वेगळं. टीव्ही कसा अटकतो ते नीट पाहिलं तर आत काय कमी पडून राहिलं ते बऱ्यापैकी ओळखता येते, त्यासाठी टीव्ही उघडावा लागत नाही.

पायरी १: आधी हे पहा का दोष खरंच टीव्हीचा आहे का

अर्ध्या केसेसमध्ये लोक टीव्हीला दोष देतात अन् गडबड दुसरीकडेच असते, म्हणून सुरुवात इथून करा.

रिमोटचे सेल बदला. सेल उतरले का काही दाबणं पोचते, काही पोचत नाही, अन् ते हुबेहूब लॅगसारखं वाटते. पक्कं करायचं असेल तर मोबाईलमधून टीव्हीचा रिमोट चालवून पहा, गूगल टीव्हीवाल्या टीव्हीला फोनमधलं गूगल टीव्ही अ‍ॅप रिमोटसारखं वापरता येते, त्यासाठी फक्त फोन अन् टीव्ही एकाच वायफायवर पाहिजे. फोनवरून पटपट चालला अन् हातातल्या रिमोटने अटकला तर रिमोटचा प्रश्न आहे.

मग नेट. व्हिडिओ मधे थांबून गोल चक्कर फिरून राहिलं असेल तर ते बहुतेक नेटचं काम. खात्री करायला `Settings` उघडा अन् त्यातल्या लांब यादीत वरून खाली जा, परत वर या. सेटिंगच्या याद्या टीव्हीच्या आतच असतात, त्यांना नेट लागत नाही. सेटिंग सरसर चालली अन् व्हिडिओ थांबून राहिला तर राउटर पहा. सेटिंगसुद्धा झटके देत सरकली तर मात्र नेटचा काही संबंध नाही, आतलं काहीतरी कमी पडते.

अन् केबलच्या किंवा डिशच्या डब्यावर चॅनल बदलायला वेळ लागत असेल तर तो डब्याचा वेळ आहे, टीव्ही तिथे फक्त चित्र दाखवते.

पायरी २: तीन भाग अन् त्यांच्या तीन खुणा

प्रोसेसरपासून सुरुवात करू, हा टीव्हीचा मेंदू, अन् त्यातला काम करणारा एकेक भाग म्हणजे कोअर. डब्यावर "क्वाड कोअर" मोठ्या अक्षरात लिहिलेलं असते अन् लोकांना वाटते चार कोअर म्हणजे चौपट वेगवान. तसं होत नाही, कारण मेनू सरकवणं, टाइल म्हणजे होम स्क्रीनवरचे अ‍ॅपचे चौकोन हलवणं, बटणाला उत्तर देणं हे काम बहुतांश एकाच धाग्यावर चालते, म्हणजे एका वेळी एकच कोअर त्याला जुंपलेला असतो. म्हणून एक कोअर किती दमदार आहे हे जास्त महत्त्वाचं. स्वस्त टीव्हीत बहुतेक कॉर्टेक्स-ए३५, ए५३ किंवा ए५५ असे छोटे कोअर असतात, वेग साधारण १ ते १.५ गिगाहर्ट्झच्या आसपास. यातला ए३५ सगळ्यात कमजोर, ए५३ हा २०१२ मध्ये जाहीर झालेला जुना डिझाइन, ए५५ त्याच्यानंतरचा २०१७ चा अन् त्याच्यापेक्षा बरा. ए७३ लिहिलेलं दिसलं तर तो मोठ्या कोअरच्या घरातला आहे, मेनूमध्ये फरक जाणवते. स्पेसिफिकेशनमध्ये नुसतं "क्वाड कोअर" अन् पुढे काहीच नाही असं असेल तर मी ए३५ किंवा ए५३ धरूनच चालतो.

प्रोसेसर कमी पडला का खूण अशी दिसते: सगळं चालते पण झटक्याझटक्याने. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलायची असेल तर एका फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, त्यात चित्र तयार झालं नाही का ती फ्रेम सुटते अन् आपल्याला टाइल उडी मारल्यासारखी दिसते.

इथे लोक नेहमी एक गोष्ट विचारतात, का बावा ४के पिक्चर एकदम गुळगुळीत चालते अन् साधा मेनू काऊन अटकते? कारण व्हिडिओ उलगडायचं काम हा प्रोसेसर करतच नाही, चिपमध्ये त्यासाठी वेगळा डिकोडर बसवलेला असतो. तो आपलं काम शांतपणे करत राहतो. म्हणून दुकानात भिंतीवर चालू असलेला सुंदर ४के डेमो पाहून टीव्ही वेगवान आहे असं समजू नका, त्या व्हिडिओवरून पॅनलचा, म्हणजे पडद्याचा, अंदाज येतो, मेनूच्या वेगाचा अजिबात नाही.

आता रॅम, अन् माझ्या मते बजेट टीव्हीतला सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे. आत्ता चालू असलेल्या अ‍ॅप्सचा पसारा रॅममध्ये राहतो. ३२ इंची स्वस्त टीव्हीत १ जीबी, ४३ इंचीत १.५ किंवा २ जीबी असं चित्र सर्रास दिसते. पण ही पूर्ण रॅम अ‍ॅप्सना मिळतच नाही. टीव्हीत ग्राफिक्ससाठी अन् व्हिडिओ डिकोडरसाठी वेगळी मेमरी नसते, त्याच रॅममधून वाटा काढला जातो. ४के च्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६० म्हणजे जवळपास ८३ लाख बिंदू, एचडीआर व्हिडिओत एका बिंदूला साधारण ३ बाइट धरले तर एकच फ्रेम २५ एमबीची झाली, अन् डिकोडरला मागच्यापुढच्या आठ-दहा फ्रेम हाताशी ठेवाव्या लागतात, म्हणजे कच्च्या हिशोबाने २०० ते २५० एमबी नुसत्या व्हिडिओत गेले. फुल एचडीमध्ये हेच पावपट लागते. त्यामुळे १.५ जीबीचा ४के टीव्ही हा १ जीबीच्या एचडी टीव्हीपेक्षा फार आरामात असतो असं नाही, आकडा मोठा दिसते पण खर्चही मोठा आहे.

रॅम भरली का टीव्हीतली अँड्रॉइड सिस्टिम दोन गोष्टी करते. आधी ती मेमरीतला पसारा दाबून लहान करते, त्याला झेडरॅम म्हणतात, अन् या दाबण्या-उलगडण्याचं काम प्रोसेसरलाच करावं लागते, म्हणजे आधीच कमजोर असलेल्यावर अजून ओझं. तरी जागा पुरली नाही तर मागे ठेवलेलं अ‍ॅप सरळ बंद करते. याचीच खूण सगळ्यात ओळखू येणारी आहे: तुम्ही यूट्यूबवर काही पाहून राहिले होते, होम दाबलं, दुसरं अ‍ॅप उघडलं, परत यूट्यूबवर आले तर लोगोपासून सुरुवात. व्हिडिओ जिथे होता तिथे नाही. कधी कधी तर होम दाबल्यावर होम स्क्रीनच काळी दिसते अन् टाइल एकेक करून भरत जातात, कारण होमचं अ‍ॅपसुद्धा बंद झालेलं असते.

स्टोरेज, म्हणजे अ‍ॅप्स कायमची साठवायची जागा, सगळ्यात शेवटी आठवते अन् सगळ्यात हळू त्रास देते. ८ जीबी लिहिलेलं असते, त्यातला मोठा वाटा सिस्टिमचा, अन् अ‍ॅप्ससाठी साधारण ४-५ जीबी किंवा त्याहून कमी उरते. त्यात कंपनीने आधीच भरून दिलेली अ‍ॅप्स असतात, त्यांचं अपडेट आलं का ते तुमच्या वाट्याच्या जागेत येऊन बसते, कारण मूळ अ‍ॅप सिस्टिमच्या भागात असते अन् तिथलं पुसता येत नाही. म्हणजे एकाच अ‍ॅपने दोन ठिकाणी जागा धरली. आतलं स्टोरेज ईएमएमसी प्रकारचं असते, ते जवळपास भरलं का नवीन काही लिहायच्या आधी त्याला जुन्या ब्लॉकची सरकासरकी करावी लागते, अन् ते चालू असताना सगळंच थबकते. खूण: अ‍ॅप पहिल्यांदा उघडायला फार वेळ, टीव्ही चालू व्हायला फार वेळ, मधेच काही सेकंद पूर्ण गोठणं अन् मग साठलेली सगळी बटणं एकदम लागू होणं. नवीन टीव्ही सहा-आठ महिन्यांनी म्हातारा होतो तो बहुतेक यानेच.

पायरी ३: दुकानात काय पाहायचं

बर्डीवर जा, सक्करदऱ्याला जा, का मॉलमध्ये जा, पाहायचं तेच आहे. गर्दीच्या दिवशी, म्हणजे धनत्रयोदशीला वगैरे, कोणी तुम्हाला रिमोट हातात देणार नाही, म्हणून मधल्या वारी दुपारी जा.

आधी मॉडेल नंबर लिहून घ्या अन् त्याच नंबरचं स्पेसिफिकेशन पहा. एकाच सिरीजमध्ये ३२ इंचीला १ जीबी अन् ४३ इंचीला २ जीबी असं बरेचदा असते अन् जाहिरातीत मोठ्यावाल्याचाच आकडा असतो. "८ जीबी मेमरी" असं कोणी म्हटलं तर ती रॅम नाही, स्टोरेज आहे, हे लक्षात ठेवा, या किमतीत ८ जीबी रॅम मिळत नाही.

मग सेल्समनला सांगा, "भाऊ, डेमो बंद करून नेट लावून द्या, मोबाईलचं हॉटस्पॉट माझं घ्या पाहिजे तर." डेमो मोडमध्ये टीव्ही एकच व्हिडिओ फिरवत राहतो, त्याच्यात काहीच कळत नाही. नेट लागलं का हे एवढं करा:

यूट्यूब उघडून एखादा ४के व्हिडिओ मिनिटभर चालू द्या. होम दाबा. दुसरं एखादं मोठं अ‍ॅप उघडा, लॉगिनची स्क्रीन आली तरी चालते. होम दाबून परत यूट्यूब. व्हिडिओ होता तिथेच सापडला तर बरं, लोगोपासून सुरू झाला तर रॅम कमी पडून राहिली. आता विचार करा, दुकानातला टीव्ही जवळपास रिकामा असतो, कोणाचं अकाउंट नाही, जास्तीची अ‍ॅप्स नाहीत, अन् तिथेच दोन अ‍ॅप त्याला झेपली नाहीत तर तुमच्या घरी दहा अ‍ॅप टाकल्यावर काय होईल.

मग सर्च उघडून स्क्रीनवरच्या कीबोर्डवर बाण भराभर दाबा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बोट थांबल्यावरही निशाण चालतच राहिलं तर प्रोसेसर मागे पडून राहिला. अन् व्हिडिओ चालू असताना सेटिंगची बाजूची पट्टी उघडून पहा, ती किती वेळात येते, कारण घरी आवाज अन् पिक्चर मोड बदलायला तुम्ही हेच दिवसातून कितीदा करणार.

शेवटी `Settings > System > Storage` मध्ये जाऊन मोकळी जागा पहा. नव्या टीव्हीत २ जीबीच्या खाली मोकळी असेल तर मी घेणार नाही.

आकडे सांगायचे झाले तर गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्हीसाठी २ जीबी रॅम अन् ८ जीबी स्टोरेज ही माझी खालची रेघ, ४के असेल तर १६ जीबी स्टोरेजसाठी हजार-दोन हजार जास्त द्यायला मी सांगतो. १ जीबीचा टीव्ही फक्त केबलच्या डब्यासाठी ठीक आहे. हा हिशोब एलजीच्या वेबओएसला किंवा सॅमसंगच्या टायझनला लावू नका, त्या सिस्टिम वेगळ्या आहेत, कमी रॅममध्येही त्यांचं वेगळं गणित बसते अन् रॅमचा आकडा त्या सहसा सांगतही नाहीत. तिथे वरची हाताने करायची तपासणी तेवढी करा. रॅमची तुलना एकाच सिस्टिमच्या दोन टीव्हींत करायची असते.

पायरी ४: घरचा टीव्ही अटकत असेल तर, मावशीच्या टीव्हीचं उदाहरण

मानेवाड्याला माझ्या मावशीकडे ४३ इंची ४के टीव्ही आहे, १.५ जीबी रॅम, ८ जीबी स्टोरेज, दोन वर्षं झाली घेऊन. मावशी म्हणे, "अरे, सिरियल पाहता पाहता फोन आला अन् चुकून होम दाबलं गेलं का सगळं पहिल्यापासून लावा लागते रे. अन् सकाळी तर भजन लावायला दहा मिनिटं जातात." यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत हे वरचं वाचून तुम्हाला कळलंच असेल.

आधी फोनवरून रिमोट चालवून पाहिला, तसाच अटकत होता, म्हणजे सेलचा प्रश्न नव्हता. सेटिंगची यादी झटके देत सरकत होती, म्हणजे नेटचाही नाही. स्टोरेज पाहिलं तर मोकळी जागा ३०० एमबीच्याही खाली. नातवाने टाकलेले गेम, तीन न्यूजची अ‍ॅप्स, गाण्यांचं एक, अन् एक "मेमरी क्लीनर".

हे क्लीनर सगळ्यात आधी काढलं. ही अ‍ॅप्स स्वतः मागे चालू राहून रॅम खातात अन् बाकीच्यांना बंद करत राहतात, मग ते अ‍ॅप पुन्हा उघडताना शून्यापासून सुरू होते, म्हणजे ज्या गोष्टीसाठी लावलं तेच बिघडते. अँड्रॉइड हे काम स्वतः करते, त्याला मदतनीस लागत नाही.

मग `Settings > Apps > See all apps` मध्ये जाऊन न लागणारी अ‍ॅप्स काढली. कंपनीची जी पूर्ण काढता येत नाहीत त्यांच्यात `Uninstall updates` केलं अन् मग `Disable`, असं केल्याने अपडेटने धरलेली जागा सुटते. फक्त जे अ‍ॅप कशासाठी आहे ते माहीत नाही त्याला हात लावू नका. दोन मोठ्या अ‍ॅप्सचा `Clear cache` केला, `Clear data` नाही, नाहीतर लॉगिन उडते अन् मग पासवर्ड शोधत बसावं लागते. मोकळी जागा दीड जीबीच्या वर आली. आपलं धोरण असं ठेवा का निदान १ जीबी कायम मोकळं राहिलं पाहिजे.

होम स्क्रीनवर वर जो मोठा फिरता फोटो अन् खाली शिफारशींच्या रांगा असतात त्याही कमजोर टीव्हीला जड जातात. गूगल टीव्हीमध्ये अकाउंटच्या सेटिंगमध्ये `Apps only mode` असते, ते चालू केलं. आता होमवर फक्त अ‍ॅप्स दिसतात अन् होम खूप लवकर येते. मावशीला हेच जास्त आवडलं कारण तिला तिचं भजनाचं अन् सिरियलचं अ‍ॅप समोरच दिसते. याने काही सोयी बंद होतात, व्हॉइस असिस्टंट वगैरे, तिला ते लागत नव्हतं.

मग `Settings > System > About` मध्ये बिल्डच्या ओळीवर सात वेळा ओके दाबून डेव्हलपर ऑप्शन उघडले अन् अ‍ॅनिमेशनचे तिन्ही स्केल 1x वरून 0.5x केले. याने टीव्ही खरंच वेगवान होत नाही, पण मधला सरकण्याचा खेळ अर्धा झाल्यामुळे उत्तर लवकर आल्यासारखं वाटते. तिथेच बॅकग्राउंड प्रोसेस कमी करायचा पर्याय असतो, तो सोडून द्या, त्याने अ‍ॅप्स अजून जास्त वेळा पहिल्यापासून सुरू होतात.

ज्यांना कॉम्प्युटर चालवता येते अन् रॅमचा खरा आकडा पाहायचा आहे त्यांनी डेव्हलपर ऑप्शनमधून डीबगिंग चालू करून, कॉम्प्युटरवर adb हे टूल घेऊन, 192.168.1.25 च्या जागी आपल्या टीव्हीचा आयपी पत्ता टाकून हे चालवा:

```
adb connect 192.168.1.25:5555
adb shell cat /proc/meminfo
adb shell df -h /data
```

`MemTotal` हा छापील आकड्यापेक्षा कमीच दिसेल, व्हिडिओसाठी बाजूला काढलेला वाटा त्यात धरत नाहीत. मावशीच्या १.५ जीबीच्या टीव्हीत तो १.२ जीबीच्या आसपास होता. `MemAvailable` म्हणजे नव्या कामाला किती मिळू शकते, अन् `SwapTotal` च्या तुलनेत `SwapFree` फार कमी असेल तर झेडरॅमसुद्धा भरत आली, म्हणजे टीव्ही आपला वेळ दाबादाबीतच घालवून राहिला. झालं का डीबगिंग परत बंद करा, उघडं ठेवू नका.

आता सकाळच्या दहा मिनिटांचं. आपल्याकडे रात्री टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद करायची सवय आहे, मावशीकडे पण तेच. मग सकाळी टीव्ही पूर्ण नव्याने सुरू होतो, त्यात स्क्रीन दिसायला लागली म्हणजे काम संपलं असं नाही, मागे अ‍ॅप्स तपासणं, अपडेट ओढणं, होमच्या टाइल भरणं हे सगळं चालूच असते अन् आपण नेमकं त्याच वेळी बटणं दाबतो. शिवाय स्टोरेजची आतली साफसफाई अन् अ‍ॅप्सची तयारी करून ठेवणं ही कामं अँड्रॉइड टीव्ही रिकामा बसला असतानाच करते. रोज भिंतीवरून बंद केला तर त्याला रिकामा वेळ मिळतच नाही. मावशीला सांगितलं का आठवड्यातून दोन-तीन रात्री फक्त रिमोटने बंद कर, भिंतीचं बटण चालू राहू दे. पण पावसाळ्यात विजा कडाडून राहिल्या किंवा लाइन कमीजास्त होऊन राहिली तर सरळ प्लग काढायचा, तिथे लॅगचा विचार करायचा नाही, बोर्ड उडाला तर खर्च मोठा आहे.

याच्या उलट काही घरी टीव्ही महिनोन्महिने फक्त रिमोटनेच बंद होतो. रिमोटने बंद केलं का तो झोपतो, पूर्ण बंद होत नाही, अन् एखादं बेशिस्त अ‍ॅप मेमरी धरून बसलं असेल तर तसंच राहते. त्यांनी आठवड्यातून एकदा सेटिंगमधून `Restart` करावं.

याने मावशीचं काय झालं? सकाळचा त्रास जवळपास गेला, भजन आता टीव्ही लावल्यावर लवकर सुरू होते. सेटिंगचे झटके कमी झाले, पूर्ण गेले नाहीत. पण सिरियल सोडून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन आलं का परत पहिल्यापासून, हे तसंच राहिलं. ते रॅमचं आहे, अन् रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असते, वाढवता येत नाही. कोणी दुकानदार "रॅम टाकून देतो" म्हणत असेल तर पैसे देऊ नका. पेनड्राइव्ह लावून स्टोरेज वाढवायचा पर्याय काही टीव्हीत येते, पण तो रॅम वाढवत नाही, अन् साध्या पेनड्राइव्हवर अ‍ॅप्स ठेवली तर ती आतल्या स्टोरेजपेक्षाही हळू उघडतात. पेनड्राइव्ह पिक्चर पाहायला ठेवा.

पायरी ५: टीव्हीचा मेंदू बाहेरून लावायचा

शेवटी मावशीच्या टीव्हीला एचडीएमआयमध्ये स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे स्वतःचा प्रोसेसर अन् रॅम असलेली छोटी कांडी, लावली अन् तिची उरलेली तक्रारही गेली, कारण आता अ‍ॅप्स चालवायचं काम स्टिक करते अन् टीव्ही फक्त पडदा झाला.

यावरून नवीन घेणाऱ्यांनाही मी हेच सांगतो: दोन टीव्हींत एकाचं पॅनल स्पष्ट चांगलं आहे पण रॅम कमी, दुसऱ्याची रॅम चांगली पण पॅनल फिकं, तर पॅनल चांगला असलेला घ्या. पॅनल नंतर बदलता येत नाही, मेंदू तीन-पाच हजारात बाहेरून लावता येते. अपवाद एकच, घरात म्हातारे आईबाबा एकटे राहत असतील अन् दोन रिमोट, इनपुट बदलणं हे त्यांना जमणारं नसेल, तर आतूनच दमदार टीव्ही घ्या.

स्टिक घेतानाही रॅम पहा. सगळ्यात स्वस्त स्टिकमध्ये पण १ जीबीच असते, टीव्ही तसाच अन् स्टिक तशीच झाली तर काहीच बदलणार नाही. २ जीबीवाली घ्या. अन् एव्ही१ डिकोडर आहे का ते विचारा, यूट्यूबसारख्या ठिकाणी हा फॉरमॅट वापरात आहे, हार्डवेअरमध्ये तो असला का कमी डेटात तीच क्वालिटी मिळते.

लावताना तिला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका, सोबतच्या अ‍ॅडॉप्टरनेच द्या. टीव्हीच्या यूएसबीतून बरेचदा अर्धा अँपिअरच मिळते, स्टिकला जोरात काम पडलं का ती मधेच रिस्टार्ट होते, अन् टीव्हीसोबत तिचीही वीज जाते म्हणून रोज सकाळी तीपण नव्याने सुरू होत बसते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी चालू करा, म्हणजे स्टिकच्याच रिमोटने टीव्ही चालू-बंद होतो अन् इनपुट आपोआप बदलते. टीव्हीला चालू झाल्यावर शेवटचं इनपुट दाखवायचा पर्याय असेल तर तो लावा, टीव्हीची स्वतःची होम स्क्रीन मधे यायलाच नको. अन् स्टिक टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटून गरम होत असेल तर डब्यात आलेली छोटी एचडीएमआय वायर लावून तिला जरा बाहेर काढा, आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाते अन् गरम झालेली चिप स्वतःहून वेग कमी करते, मग परत तोच झटका दिसेल अन् तुम्ही स्टिकला दोष द्याल.